दुर्मिळ भाषा आणि वन-टाइम पॅड: शत्रूला ऐकू यायचं पण कळायचं नाही, ते कसं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुळात अडचण काय होती? शत्रू ऐकतोय हे माहीत होतं तर कोडमध्ये का नाही बोलायचे?

बोलायचे की, पण वेळ लागायचा. १९१८ चं फ्रान्स घ्या. आघाडीवरचे फोन म्हणजे जमिनीवरून ओढलेल्या वायर, जर्मन लोक रात्री येऊन त्यावर टॅप लावायचे आणि इंग्रजी समजणारा एक माणूस कानाला फोन लावून बसला की कुठली तुकडी कधी हलणार ते सगळं आरामात कळायचं. निरोप्या पाठवला तर तो वाटेत मारला जायचा किंवा पकडला जायचा. कोडबुक होतं, पण चिखलात उभं राहून तोफांच्या आवाजात एकेक शब्द शोधून आकडे लिहायचे, पलीकडच्याने ते परत उलगडायचे, तोवर परिस्थिती बदललेली. कंपनी कमांडरला मेसेज आत्ता हवा असतो, तासाभराने नाही.

अमेरिकेच्या ३६ व्या डिव्हिजनमधल्या १४२ व्या इन्फन्ट्री रेजिमेंटने यावर उपाय काढला. रेजिमेंटमध्ये मूळ अमेरिकन सैनिक बरेच होते, त्यांच्यात मिळून २६ वेगवेगळ्या भाषा बोलल्या जायच्या आणि त्यातल्या बहुतेक भाषा कधी लिहिल्याच गेल्या नव्हत्या. त्यांनी चॉक्टॉ भाषा बोलणारी माणसं फोनवर बसवली. २६ ऑक्टोबर १९१८ च्या रात्री दोन कंपन्या शुफिली गावातून शार्देनीला हलवायचा हुकूम चॉक्टॉमध्ये गेला, काही गडबड झाली नाही, आणि पुढे फॉरेस्ट फार्मवरच्या हल्ल्यात तर फोनवर सगळा वेळ चॉक्टॉच. रेजिमेंटचे कर्नल ब्लूर यांनी जानेवारी १९१९ मध्ये जो रिपोर्ट लिहिला त्यात आहे की पकडलेला एक जर्मन अधिकारी म्हणाला, त्या भाषेने आमचा पार गोंधळ उडाला, वायर टॅप करून काही उपयोग झाला नाही.

ही आयडिया अमेरिकनांचीच का?

नाही नाही, फार जुनी आहे. रोमन सेनापती सीझरने गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडच्या लढाईत वेढ्यात अडकलेल्या आपल्या अधिकाऱ्याला, क्विन्टस सिसेरोला पत्र ग्रीकमध्ये लिहिलं होतं, कारण ते गॉल लोकांच्या हाती पडलं असतं तरी वाचता आलं नसतं. आणि आपल्याकडे १८५७ मध्ये लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांनी सुटकेला येणाऱ्या जनरल हॅवलॉकला चिठ्ठ्या पाठवल्या त्या इंग्रजीतच, पण ग्रीक अक्षरांत लिहून, पिसाच्या पोकळ दांडीत घालून हेराच्या हातून. आसपास इंग्रजी वाचणारे लोक होते, ग्रीक अक्षरं ओळखणारं मात्र कुणी नाही यावर त्यांचा भरवसा होता. युक्ती तेवढ्याच भरवशावर उभी असते, एक ग्रीक शिकलेला माणूस भेटला की संपलं.

म्हणजे दुर्मिळ भाषा बोलणारी दोन माणसं दोन टोकांना बसवली की झालं?

इथेच बऱ्याच लोकांचा गैरसमज होतो. चॉक्टॉवाल्यांना लगेच लक्षात आलं की त्यांच्या भाषेत मशीनगनला, तोफखान्याला, बटालियनला शब्दच नाहीत. मग शब्द ठरवावे लागले. मशीनगन म्हणजे 'भरभर उडणारी छोटी बंदूक', तोफखाना म्हणजे 'मोठी बंदूक', पहिली दुसरी तिसरी बटालियन म्हणजे मक्याचा एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे. हे सोयीसाठी केलं होतं, पण त्याचा फायदा पुढे भलताच मोठा झाला, कारण आता नुसती भाषा येणाऱ्यालाही अर्थ लागेना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्याच नावाहो जमातीच्या लोकांनी हेच मुद्दाम आणि पद्धतशीर केलं, आणि तेच खरं समजून घेण्यासारखं प्रकरण आहे.

नावाहो कोड कसा सुरू झाला?

फिलिप जॉन्स्टन नावाचा लॉस एंजेलिसचा इंजिनिअर होता, मिशनऱ्याचा मुलगा, नावाहो वस्तीत वाढलेला, त्यामुळे ही भाषा येणाऱ्या मोजक्या बाहेरच्यांपैकी एक. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर तो मरीन कोर या अमेरिकन लष्करी दलाकडे गेला आणि फेब्रुवारी १९४२ च्या शेवटी सॅन दिएगोजवळच्या कॅम्प एलियटमध्ये मेजर जनरल व्होगेलसमोर डेमो झाला. तीन ओळींचा इंग्रजी मेसेज नावाहो लोक २० सेकंदांत पाठवून पलीकडे परत इंग्रजीत उतरवून देत होते, त्या वेळच्या मशीनला त्याच कामाला अर्धा तास लागायचा असं सांगतात. व्होगेलने २०० माणसं मागितली, मंजुरी मिळाली ३० ची, आणि शेवटी २९ जण ट्रेनिंगला आले.

या २९ जणांनी स्वतः बसून कोड बनवला, वरून कुणी तयार करून दिला नाही. सुरुवातीला दोनशेच्या थोडे वर शब्द होते, युद्ध संपेपर्यंत चारशेच्या वर गेले. रणगाडा म्हणजे कासव, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा, फायटर विमान म्हणजे हमिंगबर्ड, बॉम्ब म्हणजे अंडी, हँडग्रेनेड म्हणजे बटाटे, युद्धनौका म्हणजे देवमासा, आणि अमेरिका म्हणजे 'आमची आई'. हे शेवटचं वाचून मला नेहमी कसंतरी होतं, कारण यातल्या कित्येकांना सरकारी बोर्डिंग शाळेत नावाहो बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची.

यादीत नसलेला शब्द आला तर? गावाचं नाव, डोंगराचं नाव?

मग स्पेलिंग. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षरासाठी एक इंग्रजी शब्द ठरवलेला, आणि बोलायचा तो त्या शब्दाचा नावाहो प्रतिशब्द. जपानच्या इवो जिमा बेटावरच्या सुरिबाची डोंगराचं उदाहरण बघा, फेब्रुवारी १९४५ मध्ये मरीन तिथे वर पोचले ती बातमी देताना नाव असं गेल्याचं सांगतात: मेंढी, काका, एडका, बर्फ, अस्वल, मुंगी, मांजर, घोडा, खाज. या प्रत्येक शब्दाचं इंग्रजी करून पहिलं अक्षर घेतलं की सुरिबाचीचं स्पेलिंग तयार. रेडिओवर ऐकू यायचं ते मात्र साधारण असं: दिबे, शिदा, दानेस्त्सा, टकिन, शश, वोलाची, मोआसी, लिन, येहेस.

आता नीट बघा, या नावात 'आय' हे अक्षर दोनदा येतं, पण पहिल्या वेळी 'बर्फ' आहे आणि शेवटी 'खाज'. हा निष्काळजीपणा नाही, मुद्दाम केलंय. इंग्रजीत काही अक्षरं सारखी सारखी येतात, ई, टी, ए, ओ वगैरे, आणि कोड फोडणारे लोक पहिली गोष्ट काय करतात तर कुठली खूण किती वेळा आली ते मोजतात. एका अक्षराला एकच शब्द ठेवला असता तर मोजणाऱ्याला 'मुंगी' शब्द फार वेळा येतोय हे दिसलं असतं आणि तिथून धागा सुटला असता. म्हणून मरीन कोरच्या एका क्रिप्टोग्राफरच्या सल्ल्याने जास्त येणाऱ्या सहा अक्षरांना तीन-तीन आणि त्यापुढच्या सहा अक्षरांना दोन-दोन शब्द दिले. ए साठी मुंगी, सफरचंद किंवा कुऱ्हाड, यातला कुठलाही वापरा, आलटून पालटून. एकूण ४४ शब्दांची वर्णमाला झाली.

आणि हे सगळं पाठ. आघाडीवर कागद न्यायचाच नाही, त्यामुळे माणूस मेला तरी शत्रूच्या हाती कोडबुक लागायची भीती नाही.

जपान्यांकडे हुशार क्रिप्टो लोक होते, त्यांना का नाही जमलं?

कारण कोड फोडायचं काम कागदावर सुरू होतं आणि इथे कागदावर उतरवणंच जमेना. मोर्स असेल तर कुणीही ट्रेन केलेला ऑपरेटर टिंब-रेघा लिहून घेतो, भाषा न कळली तरी चालतं. नावाहोमध्ये सूर बदलला की शब्द बदलतो, नाकातले स्वर आहेत, घशात श्वास अडवून सोडायचे आवाज आहेत, आणि एका क्रियापदात एवढं काही कोंबलेलं असतं की नवख्याला शब्द कुठे सुरू झाला कुठे संपला तेच कळत नाही. दहा ऐकणाऱ्यांनी एकच मेसेज दहा तऱ्हेने लिहिला तर मोजणार काय आणि जुळवणार काय?

दुसरा पदर कोडचा. जो कियोमिया नावाचा नावाहो सैनिक फिलिपिन्समध्ये पकडला जाऊन जपान्यांच्या कैदेत होता, तो कोड टॉकर नव्हता, त्याला या कोडबद्दल काहीच माहीत नव्हतं. जपान्यांना शेवटी संशय आला की ही नावाहो भाषा असावी, तेव्हा त्याला रेडिओ ऐकवला आणि अर्थ सांग म्हणून अतोनात छळलं. त्याला शब्द कळत होते, पण वाक्यं म्हणजे मेंढी, कासव, अंडी, बटाटे, काही धड अर्थच नाही. म्हणजे भाषेची भिंत ओलांडली तरी आतला कोड शाबूत राहिला. नुसत्या भाषेवर विसंबले असते तर त्या दिवशी खेळ खलास होता.

इतकं भारी होतं तर सगळ्या आर्मीने का नाही वापरलं?

पहिलं म्हणजे माणसं. पूर्ण युद्धात मिळून नावाहो कोड टॉकर साधारण चारशे होते. दोन्ही भाषा चांगल्या येणारा, रेडिओ चालवणारा, शेकडो शब्द पाठ असलेला माणूस फॅक्टरीत बनत नाही. एक मारला गेला तर त्याच्या जागी दुसरा आणायला महिने लागतात.

दुसरं, गुपित टिकतं ते शत्रूला ती भाषा येत नाही तोवरच. दोन युद्धांच्या मधल्या काळात जर्मन विद्यार्थी अमेरिकेत येऊन तिथल्या जमातींच्या भाषांचा अभ्यास करत होते ही काळजी लष्कराला खरोखर होती, व्होगेलच्या मार्च १९४२ च्या पत्रात नावाहो निवडायचं एक कारण म्हणून हेच दिलंय, की या जमातीकडे ते विद्यार्थी पोचले नाहीत. तरी अमेरिकन आर्मीने युरोपात कोमांची जमातीचे लोक वापरले, ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या यूटा बीचवर ते उतरले होते, त्यांचाही स्वतःचा कोड होता आणि त्यात हिटलरला 'वेडा गोरा माणूस' म्हणायचे. पण हा छोटा गट होता, सतरा जणांना ट्रेनिंग दिलं होतं. मरीन कोरने केलं तसं मोठ्या प्रमाणावर काही झालं नाही.

तिसरी गोष्ट जरा विचित्र आहे. आपल्याच लोकांना ही भाषा ऐकून जपानी वाटायची. सुरुवातीला आपलाच रेडिओ शत्रूने बळकावला की काय अशी घबराट झाली, आणि नावाहो सैनिकांना त्यांच्याच बाजूच्यांनी जपानी समजून पकडल्याचे प्रकार घडले.

मराठी किंवा कोकणी चालली असती का?

हा प्रश्न येतोच येतो. नाही, मराठी चालली नसती, आणि कारण अभिमान दुखावणारं नसून सुखावणारं आहे. आपली भाषा फार लोक बोलतात आणि तिच्यावर फार लिहून ठेवलंय. केरीचं व्याकरण १८०५ चं, मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, म्हणजे शत्रूला लायब्ररीतूनच निम्मं काम झालं असतं. शिवाय १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा हजारो भारतीय सैनिक जपान्यांचे कैदी झाले, त्यामुळे भारतातली कुठलीही मोठी भाषा समजणारा माणूस शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नसतं. कोकणीचंही तेच, ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तिची व्याकरणं कधीच छापून ठेवलीत. आणि हो, मोडीबद्दलही विचारतात, पण मोडी ही लिपी आहे, रेडिओवर लिपी ऐकू येत नाही, चिठ्ठी असेल तरच तिचा काही उपयोग.

वन-टाइम पॅड म्हणजे काय? नुसतं नाव ऐकलंय.

दोन वह्या घ्या, तंतोतंत एकसारख्या, प्रत्येक पानावर रँडम आकडे छापलेले, कुठलाही नियम नसलेले. एक वही तुमच्याकडे, एक हेडक्वार्टरला. मेसेज आधी आकड्यांत बदलायचा, कोडबुक वापरून किंवा अक्षरांना आकडे देऊन, ही पायरी गुप्त नसली तरी चालते. मग त्या आकड्यांत वहीतले आकडे मिळवायचे, पण हातचा न घेता, म्हणजे ८ आणि ४ बारा न म्हणता फक्त २ लिहायचे. समजा कोडबुकात 'पहाटे हल्ला करा' याला १८२७३ असा आकडा आहे:

```
मेसेज      १ ८ २ ७ ३
पॅड         ९ ४ ६ १ ५
पाठवायचं   ० २ ८ ८ ८
```

हेडक्वार्टरवाला आपल्या वहीतलं ९४६१५ वजा करतो, तिथेही उसनं घेऊन पुढच्या आकड्यातून काढायचं नाही, ० मधून ९ जात नसेल तर १० मधून काढा, १ येतो, आणि त्याला १८२७३ परत मिळतं. काम झालं की दोघांनी ते पान जाळायचं. पद्धत एवढीच, एखाद्या दुसरीतल्या पोरालाही जमेल.

आणि हे खरंच फुटत नाही? कॉम्प्युटरनेसुद्धा?

खरंच नाही. शत्रूला मिळालं ०२८८८. समजा त्याच्याकडे जगातला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर आहे आणि तो सगळ्या एक लाख किल्ल्या, म्हणजे पॅडवर असू शकणारे पाच आकडी आकडे, लावून बघतो. ९४६१५ लावली की 'पहाटे हल्ला करा' निघतं. पण कोडबुकात 'माघार घ्या' ४५१०२ असेल तर ६७७८६ ही किल्ली लावल्यावर तेही निघतं, अगदी तितक्याच व्यवस्थित. कोडबुकातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या किल्लीने निघतो, आणि सगळ्या किल्ल्या सारख्याच शक्य आहेत, त्यामुळे मेसेज पकडायच्या आधी शत्रूला जेवढं माहीत होतं तेवढंच नंतरही माहीत असतं. याचं गणिती प्रूफ अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने युद्धाच्या काळात लिहिलं, ते १९४९ मध्ये छापून आलं.

कल्पना त्याच्याही आधीची. कॅलिफोर्नियाचा एक बँकर फ्रँक मिलर याने १८८२ मध्ये टेलिग्रामसाठी हेच मांडलं होतं आणि मग लोक चक्क विसरून गेले. १९१७ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचा गिल्बर्ट व्हर्नाम याने टेलिप्रिंटरसाठी किल्लीची कागदी टेप वापरली, पण ती टेप फिरून फिरून परत यायची, आणि आर्मीचे जोसेफ मॉबोर्न यांनी आग्रह धरला की टेप परत येताच कामा नये. सगळी ताकद या एका अटीत आहे.

परत वापरली तर एवढं काय बिघडतं? एकदाच तर.

एकदाच पुरतं. वरच्याच पानाने तुम्ही दुसरा मेसेज पाठवला, १८९४०. त्यात ९४६१५ मिळवलं की ०२५५५ जातं. आता शत्रूकडे दोन मेसेज आहेत, तो एकातून दुसरा वजा करतो, तसंच उसनं न घेता:

```
पकडलेले दोन:   ०२८८८ − ०२५५५ = ००३३३
मूळ मेसेज:     १८२७३ − १८९४० = ००३३३
```

पॅड गायब! उरला तो फक्त दोन खऱ्या मेसेजमधला फरक, आणि खऱ्या मेसेजमध्ये सवयी असतात, ठरावीक सुरुवात, ठरावीक सह्या. एका मेसेजमधला शब्द अंदाजाने बसवला की दुसऱ्यातला आपोआप बाहेर येतो, तो अर्थपूर्ण दिसला की अंदाज बरोबर, मग पुढचा.

हे सोव्हिएत रशियाच्या बाबतीत प्रत्यक्ष घडलं. १९४२ च्या सुरुवातीला जर्मन सैन्य नुकतंच मॉस्कोच्या उंबरठ्यापर्यंत येऊन गेलेलं, पॅडची मागणी प्रचंड, आणि छापणाऱ्यांनी हजारो पानं डबल छापून वेगवेगळ्या वह्यांत घातली. वह्या वापरणाऱ्या बिचाऱ्यांना याचा पत्ताच नाही, त्यांच्या दृष्टीने ते पान पहिल्यांदाच वापरत होते. अमेरिकन आर्मीच्या आर्लिंग्टन हॉल या कोड फोडायच्या केंद्रात बसलेल्या लोकांनी १९४३ मध्ये मेसेजच्या ढिगाऱ्यात ही जुळी पानं ओळखली. ओळखायची खूण म्हणजे, हजारो मेसेजचे सुरुवातीचे आकड्यांचे गट एकमेकांशी ताडून बघायचे, खरे रँडम असतील तर जेवढ्या जुळण्या योगायोगाने व्हायला हव्यात त्यापेक्षा जास्त झाल्या की समजायचं काहीतरी परत वापरलंय. त्यातून निघालेलं काम व्हेनोना नावाने १९८० पर्यंत चाललं आणि तरीही साधारण तीन हजार मेसेजच, तेही अर्धवट, वाचता आले. एवढी मोठी चूक सापडूनही हातात एवढंच आलं.

रँडम आकड्यांचंही तसंच. माणसाला मनाने आकडे टाइप करायला बसवलं तर तो नकळत डावा हात उजवा हात आलटून पालटून वापरतो, तोच आकडा लागोपाठ दोनदा द्यायचं टाळतो, आणि मग ते पॅड राहत नाही, जरा अवघड कोड होतो एवढंच.

लढाईच्या मैदानात हे कुणी वापरलं?

जे एकटे किंवा छोट्या टोळीत शत्रूच्या हद्दीत होते त्यांनी. ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेचे एजंट आधी पाठ केलेल्या कवितेवरून किल्ली काढायचे, पण जर्मनांनी पकडून छळ केला की कविता बाहेर यायची आणि मग जुने सगळे मेसेज उघडे. म्हणून पुढे किल्ल्या रेशमी कापडावर छापून दिल्या. रेशीम कोटाच्या अस्तरात शिवता येतं, अंग चाचपलं तरी कागदासारखं कुरकुरत नाही, वापरलेली पट्टी कापून जाळता येते. आणि जळालेली पट्टी एजंटला कितीही मारलं तरी आठवणार नाही, कारण ती त्याला कधी पाठच नव्हती. नावाहोच्या बरोबर उलटं बघा, तिथे सगळं डोक्यात ठेवणं सुरक्षित, इथे काहीच डोक्यात न ठेवणं.

व्हिएतनाममध्ये अमेरिकन स्पेशल फोर्सेसच्या टीमकडे अक्षरांचे पॅड असायचे. सोबत एक तक्ता, ज्यात पॅडचं अक्षर आणि मेसेजचं अक्षर शोधलं की तिसरं अक्षर मिळायचं. तो असा बनवला होता की तीनपैकी कुठलीही दोन माहीत असली की तिसरं येतं, त्यामुळे पाठवताना आणि उलगडताना एकच रीत, बेरीज की वजाबाकी हा प्रश्नच नाही. रात्री जंगलात थकलेल्या माणसाकडून होणाऱ्या चुका याने बऱ्याच टळल्या असतील. आणि क्रांतिकारक चे गव्हेरा १९६७ मध्ये बोलिव्हियात मारला गेला तेव्हा त्याच्याकडे एक कागद सापडला, त्यावर कॅस्ट्रोला पाठवायच्या मेसेजची अशीच मांडणी होती, नेहमीच्या अक्षरांना एक आकडा, बाकीच्यांना दोन, खाली पॅडचे आकडे, खाली बेरीज. तो कागद जाळायचा राहिला होता.

मग इवो जिमावर नावाहोऐवजी पॅडच का नाही दिले?

हिशोब करून बघू. पाचव्या मरीन डिव्हिजनचे सिग्नल ऑफिसर मेजर कॉनर यांच्या म्हणण्यानुसार पहिल्या ४८ तासांत सहा नावाहो रेडिओ नेट दिवसरात्र चालू होती, आठशेच्या वर मेसेज गेले आले आणि चूक एकही नाही. समजा एक मेसेज पाच आकड्यांच्या ५० गटांचा, आणि पॅडच्या एका पानावर तेवढेच गट. म्हणजे दोन दिवसांत ८०० पानं, आणि दोन्ही टोकांना धरून १६००. चांगला सराव असला तरी ५० गट हाताने मिळवून तपासायला पाव तास कुठेच गेला नाही, मोर्सने पाठवायचा वेळ वेगळा, पलीकडे परत तेवढाच. 'तोफा थांबवा, आपल्याच लोकांवर पडतायत' हा मेसेज पाऊण तासाने पोचून काय उपयोग.

वर जोड्यांची भानगड. दहा ठिकाणांनी एकमेकांशी बोलायचं तर जोड्या होतात ४५, प्रत्येक जोडीचा पॅड वेगळा, कुणी कुठलं पान वापरलं याचा मेळ ठेवायचा, आणि एक ठिकाण शत्रूच्या हाती पडलं तर नऊ वह्या रद्द. एजंट एकटा असतो, त्याची जोडी फक्त हेडक्वार्टरशी, आठवड्यात थोडे मेसेज, त्याला हे परवडतं. शिवाय गुपित किती दिवस टिकायला हवं हेही आहे. पुढच्या अर्ध्या तासात तोफा कुठे मारायच्या हे शत्रूला महिन्याने कळलं तरी बिघडत नाही, एजंटचं नाव मात्र दहा वर्षांनी कळलं तरी बिघडतं.

पॅड लावला की मेसेज कुणी बदलूही शकत नाही ना?

शकतो! हे बऱ्याच जणांना पटत नाही. समजा हल्ल्याची वेळ ००६०० पाठवायची आहे, पॅड ३१८७२, तर जातं ३१४७२. शत्रूला पॅड माहीत नाही, पण वेळ सहाची असणार आणि ती मेसेजमध्ये कुठे बसते याचा त्याला अंदाज आहे. तो मधल्या ४ मध्ये ३ मिळवून ३१७७२ पुढे सोडतो. तुमचा माणूस प्रामाणिकपणे वजाबाकी करतो आणि त्याला मिळतं ००९००. एक तुकडी सहाला निघते, दुसरी नऊला. म्हणून मेसेज खरोखर आपल्याच माणसाचा आहे आणि वाटेत हात लागलेला नाही हे तपासायला वेगळी खूण लागते. नावाहोमध्ये हे फुकटात मिळायचं, जपानी माणूस इंग्रजीत मरीन असल्याचं सोंग करू शकायचा, पण नावाहो बोलून दाखवणं त्याला शक्यच नव्हतं.

वाचता नाही आलं तर शत्रूच्या हाती काहीच लागत नाही का?

लागतं, बरंच लागतं. दोन-तीन ठिकाणांहून अँटेना फिरवून सिग्नल कुठून येतोय हे काढता येतं, त्याला मजकूर कळायची गरज नाही. एरवी दिवसाला पाच मेसेज पाठवणारं ठाणं अचानक पन्नास पाठवायला लागलं तर तिथे काहीतरी शिजतंय हे कुणालाही कळेल. फ्रान्समधले एसओईचे रेडिओ ऑपरेटर पकडले गेले त्यात कोड फुटल्यामुळे नाही तर जास्त वेळ एकाच जागेवरून पाठवत बसल्यामुळे पकडलेले कितीतरी होते, जर्मनांच्या गाड्या घेरत घेरत गल्लीपर्यंत यायच्या. म्हणून सूचना एकच असायची, मेसेज छोटा ठेवा, पाठवा, आणि जागा बदला.

हे सगळं बाहेर कधी आलं?

नावाहो कोड १९६८ पर्यंत गुप्तच होता, कारण परत लागेल असं लष्कराला वाटत होतं. तोपर्यंत या लोकांना घरी बायकामुलांनाही सांगायची परवानगी नव्हती, युद्धात काय केलं असं विचारलं तर 'रेडिओवर होतो' एवढंच. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोमध्ये वस्तीवर राहणाऱ्या या लोकांना मतदानाचा हक्क मिळाला तोही १९४८ मध्ये, म्हणजे इवो जिमानंतर तीन वर्षांनी. पहिल्या २९ जणांना काँग्रेसचं सुवर्णपदक २००१ मध्ये दिलं, तोवर त्यातले पाचच जण हयात होते.